शून्य इंच उंची, उणे ८७.५ पौंड वजन: एका इंटरसेप्टची तपासणी

आर ही संख्याशास्त्राची प्रणाली संगणकावर बसवली की तिच्यासोबत `women` नावाची एक छोटी सारणी आपोआप येते. पंधरा ओळी आणि दोन रकाने, एवढाच तिचा पसारा. पहिल्या रकान्यात इंचांतली उंची आहे, ५८ पासून ७२ पर्यंत एकेक इंचाने वाढणारी. दुसऱ्यात पौंडांतले वजन आहे, ११५ पासून १६४ पर्यंत. आकडे म्हणजे ३० ते ३९ वयाच्या अमेरिकन स्त्रियांच्या सरासऱ्या असून ते १९७५ च्या 'द वर्ल्ड अल्मनॅक अँड बुक ऑफ फॅक्ट्स' या वार्षिकातून घेतलेले आहेत. उंची बुटांसह मोजलेली, वजन घरातल्या नेहमीच्या कपड्यांसह आणि बुटांसह. आपल्या मापात सांगायचे तर सर्वात बुटक्या ओळीतली स्त्री ४ फूट १० इंच आणि साधारण ५२ किलो, सर्वात उंच ओळीतली सहा फूट आणि ७४ किलोच्या आसपास.

ही सारणी रिग्रेशन, म्हणजे एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा काढणे, शिकवताना पहिल्या दिवशी वापरली जाते, कारण बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत पडतात. पण तिच्या पहिल्याच निकालात एक आकडा असा येतो की तो नीट वाचायला बहुतेकदा कोणी थांबत नाही.

```r
m1 <- lm(weight ~ height, data = women)
summary(m1)
```

```
             Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept) -87.51667    5.93694  -14.74 1.71e-09
height        3.45000    0.09114   37.85 1.09e-14
```

खालची ओळ, म्हणजे रेषेचा चढ, सरळ आहे: उंची एक इंचाने वाढली की सरासरी वजन ३.४५ पौंडांनी वाढते. वरच्या ओळीचे पाठ्यपुस्तकी वाचन असे, की इंटरसेप्ट म्हणजे उंची शून्य असताना अपेक्षित वजन. म्हणजे शून्य इंच उंचीच्या स्त्रीचे वजन उणे ८७.५ पौंड, जवळजवळ उणे ४० किलो. शिवाय पी-व्हॅल्यू इतकी बारीक की प्रणाली तिच्यापुढे तीन तारे छापते.

अहवाल लिहिणारा माणूस इथे सहसा तीनपैकी एक वाट धरतो. तो हे वाक्य जसेच्या तसे लिहितो, किंवा इंटरसेप्टचा उल्लेखच टाळतो, किंवा 'शून्य उंचीला वजनही शून्यच हवे' असे म्हणून इंटरसेप्ट काढून टाकतो. तिसरी वाट सर्वात घातक आहे आणि तिच्याकडे नंतर येऊच. आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू.

उणे ८७.५ कुठून आले

लघुत्तम वर्ग पद्धतीने काढलेली सरळ रेषा नेहमी एका बिंदूतून जाते: उंचीची सरासरी आणि वजनाची सरासरी. इथे उंचीची सरासरी ६५ इंच आणि वजनाची १३६.७३ पौंड. रेषेची बैठक तिथे आहे. त्या बिंदूपासून शून्यापर्यंत यायचे तर ६५ इंच डावीकडे चालावे लागते आणि प्रत्येक इंचाला ३.४५ पौंड खाली उतरावे लागते. ६५ गुणिले ३.४५ म्हणजे २२४.२५. ते १३६.७३ मधून वजा केले की उरतात उणे ८७.५२. इंटरसेप्टमध्ये याहून वेगळी काहीही माहिती नाही. शून्य उंचीबद्दल डेटाने काही सांगितलेले नाही, आपण रेषा तिथवर ओढली एवढेच.

किती लांब ओढली हेही मोजता येते. डेटाची एकूण रुंदी १४ इंच आहे आणि शून्य सर्वात जवळच्या ओळीपासून ५८ इंच दूर आहे. म्हणजे जेवढा प्रदेश पाहिला त्याच्या चौपटीहून जास्त अंतर आपण न पाहता कापले. वाटेत ही रेषा २५.४ इंचांच्या जवळ शून्य वजनाला पोचते आणि पुढे उणे होते. नवजात बाळाची लांबी साधारण २० इंच असते. या रेषेच्या हिशेबाने त्या बाळाचे वजन उणे साडेअठरा पौंड निघेल. ही सारणी तिशीतल्या स्त्रियांची आहे, बाळांबद्दल ती काहीच बोलत नाही, त्यामुळे दोष रेषेचा नाही. दोष तिला हा प्रश्न विचारण्याचा आहे.

स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, तीही याच लांबीतून येते. चढाचा स्टँडर्ड एरर ०.०९११४ आहे. रेषा बैठकीभोवती तराजूच्या दांडीसारखी इतकी वरखाली हलू शकते. बैठकीपासून ६५ इंचांवर हे हलणे ६५ पट होते, म्हणजे ५.९२. इंटरसेप्टचा छापलेला स्टँडर्ड एरर आहे ५.९४. तो जवळजवळ सगळा चढाच्या अनिश्चिततेतून आला आहे. बैठकीची स्वतःची अनिश्चितता ०.३९ आहे आणि वर्ग करून मिळवल्यावर तिचा ठसाही उरत नाही. याच कारणाने इंटरसेप्टचा आणि चढाचा अंदाज एकमेकांना उलट दिशेने घट्ट बांधलेले असतात. इथे त्या दोघांतला सहसंबंध उणे ०.९९८ आहे. चढ जरा वाढला की इंटरसेप्ट खाली जातो. म्हणून दोन वेगळ्या गटांवर असे मॉडेल चालवून 'या गटाचा इंटरसेप्ट खाली आहे, म्हणजे हा गट मुळातच हलका' असा अर्थ काढला, तर बहुतेक वेळा आपण चढातला फरकच दुसऱ्या नावाने सांगत असतो.

तीन तारे कशाचे, हाही प्रश्न राहतो. ती चाचणी विचारते: इंटरसेप्ट शून्य असू शकतो का, म्हणजे रेषा आरंभबिंदूतून जाते का? डेटा म्हणतो, ५८ ते ७२ मधली रेषा सरळ वाढवली तर ती आरंभबिंदूतून जात नाही. एवढेच सिद्ध झाले. उणे वजन खरे आहे असे कोणत्याही ताऱ्याने म्हटलेले नाही.

इंटरसेप्ट काढून टाकला तर

शून्य उंचीला शून्य वजन हे तर्काला पटते, म्हणून काही जण सूत्रात शून्य घालून इंटरसेप्ट उडवतात:

```r
m0 <- lm(weight ~ 0 + height, data = women)
```

आता चढ येतो २.११. आधीच्या ३.४५ च्या तुलनेत तो जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी आहे. रेषेला शून्यातून जायला भाग पाडल्यामुळे तिला डेटातला खरा उतार सोडून द्यावा लागला. ५८ इंचांना ती १२२.४ पौंड सांगते, सारणीत ११५ आहेत. ७२ इंचांना १५१.९ सांगते, सारणीत १६४ आहेत. एका टोकाला सात पौंड जास्त, दुसऱ्या टोकाला बारा कमी. रेसिड्यूअल म्हणजे खरे वजन आणि रेषेचा अंदाज यांतला फरक; त्यांचा सर्वसाधारण आकार सांगणारा रेसिड्यूअल स्टँडर्ड एरर १.५ वरून ६.२ वर जातो, म्हणजे चौपट.

आणि तरीही आर-स्क्वेअर, म्हणजे वजनातल्या चढउताराचा रेषेने समजावलेला वाटा, वाढलेला दिसतो. इंटरसेप्टसह तो ०.९९१ होता, इंटरसेप्टशिवाय ०.९९८ छापला जातो. हे पाहून वाईट मॉडेल चांगले म्हणून निवडले जाते. कारण असे, की इंटरसेप्ट असताना आर-स्क्वेअर वजनाच्या सरासरीभोवतीची उलथापालथ मोजतो आणि इंटरसेप्ट नसताना शून्याभोवतीची. पंधराही वजने शंभराच्या वर असल्यामुळे शून्यापासूनचे अंतर प्रचंड आहे, आणि त्याचा मोठा भाग कोणतीही चढती रेषा समजावून देते. या दोन आर-स्क्वेअरची तुलना करताच येत नाही. तुलना करायचीच असेल तर रेसिड्यूअल स्टँडर्ड एररची करावी. त्याचे एकक पौंड आहे आणि दोन्हीकडे अर्थ तोच राहतो.

इंटरसेप्टला अर्थ नसला तरी त्याला काम आहे. रेषा किती उंचीवर बसावी हे तो ठरवतो. त्यामुळे तो काढायचा नाही. तो जिथे वाचला जातो ती जागा बदलायची.

शून्य हलवणे

प्रत्येक उंचीतून ६५ वजा करायचे आणि तोच नवा प्रेडिक्टर, म्हणजे ज्यावरून अंदाज बांधायचा तो रकाना, मानायचा. यालाच सेंटरिंग म्हणतात.

```r
m2 <- lm(weight ~ I(height - 65), data = women)
```

```
               Estimate Std. Error
(Intercept)    136.7333     0.3938
I(height - 65)   3.4500     0.0911
```

सूत्रातला `I( )` सोडू नका. आरच्या सूत्रात वजाचे चिन्ह वजाबाकी करत नाही, ते पद काढून टाकते. `height - 1` असे लिहिले तर उंचीतून एक वजा होत नाही, इंटरसेप्ट गायब होतो. `I( )` च्या आत मात्र चिन्हाचा अर्थ नेहमीच्या अंकगणितासारखा होतो. सूत्रात कसरत नको असेल तर आधीच वेगळा रकाना करून ठेवावा, `women$h65 <- women$height - 65`. रकान्याच्या नावातच ६५ असल्याने सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्यालाही कळते की शून्य कुठे आहे.

चढ तोच, त्याचा स्टँडर्ड एरर तोच, आर-स्क्वेअर तोच, पंधराही ओळींचे अंदाज दशांशापर्यंत तेच. रेषा जागची हललेली नाही. हलले आहे ते आपण जिथून मोजतो ते शून्य. इंटरसेप्ट आता ६५ इंच, म्हणजे ५ फूट ५ इंच उंचीला अपेक्षित वजन सांगतो: १३६.७ पौंड, सुमारे ६२ किलो. ९५ टक्के विश्वास अंतर आधी उणे १००.३ ते उणे ७४.७ असे २५.६ पौंड रुंद होते, आता १३५.९ ते १३७.६ आहे.

ही अरुंदी पाहून सेंटरिंगने अचूकता वाढली असे लिहिण्याचा मोह होतो. तसे झालेले नाही. आपण दूरच्या, न पाहिलेल्या जागेऐवजी डेटाच्या मध्यावर प्रश्न विचारला, आणि मध्यावर उत्तर जास्त खात्रीने देता येते. मूळ मॉडेलला ६५ इंचांचा अंदाज आणि त्याचा स्टँडर्ड एरर विचारला असता तर त्यानेही हेच दोन आकडे दिले असते. इंटरसेप्टसमोरची टी-व्हॅल्यू आता ३४७ च्या पुढे जाते, तिच्यावरही हरखून जाऊ नये. ती विचारते की साडेपाच फुटांच्या आसपासच्या स्त्रीचे वजन शून्य असू शकते का. हा प्रश्न कोणालाच पडलेला नव्हता.

सेंटरिंगचा खरा लाभ वेगळा आहे: इंटरसेप्ट आता पडताळता येतो. उणे ८७.५ बरोबर की चूक हे ठरवायला सारणीत एकही ओळ नाही. १३६.७ साठी आहे. सारणीतली ६५ इंचांची ओळ काढली की तिथे लिहिलेले वजन दिसते १३५.

पावणेदोन पौंडांचा फरक

फरक छोटा आहे, पण या सारणीत तो छोटा म्हणून सोडण्याजोगा नाही, कारण आकडे गटांच्या सरासऱ्या आहेत आणि एकमेकांशी फार शिस्तीत चालतात. मग टोकेही पाहावीत. ५८ इंचांना रेषा ११२.६ सांगते, सारणी ११५. ७२ इंचांना रेषा १६०.९ सांगते, सारणी १६४. दोन्ही टोकांना खरे वजन रेषेच्या वर आणि मध्यावर खाली. ही वक्रतेची खूण आहे. सारणीतली वाढ नुसती डोळ्यांनी पाहिली तरी कळते: सुरुवातीला एका इंचाला दोन-तीन पौंड वाढतात, शेवटी पाच-पाच.

इथे एक बीजगणिती गोष्ट लक्षात ठेवावी. सरळ रेषेत प्रेडिक्टर त्याच्या सरासरीवर सेंटर केला, तर इंटरसेप्ट नेहमी बरोबर वजनाच्या सरासरीएवढाच येतो, मग रेषा डेटाला चपखल बसलेली असो वा नसो. १३६.७३ ही पंधरा वजनांची साधी सरासरी आहे: २०५१ भागिले १५. म्हणजे 'इंटरसेप्ट आता समजण्याजोगा झाला' याचा अर्थ 'मॉडेलचा आकार योग्य आहे' असा होत नाही. आकार तपासायला रेसिड्यूअलच पाहावे लागतात.

उंचीचा वर्ग घालून मॉडेल पुन्हा चालवू, आधी सेंटर न करता:

```r
q1 <- lm(weight ~ height + I(height^2), data = women)
```

```
             Estimate Std. Error
(Intercept) 261.87818   25.19677
height       -7.34832    0.77769
I(height^2)   0.08306    0.00598
```

(वर्गालाही `I( )` लागतो, नुसते `height^2` लिहिले तर आर ते `height` असेच वाचते आणि वर्गपद मुकाट्याने नाहीसे होते.)

डेटाला हे मॉडेल सुरेख बसते, रेसिड्यूअल स्टँडर्ड एरर १.५ वरून ०.३८ वर येतो. पण गुणक पाहा. शून्य उंचीचे वजन उणे ८७.५ होते, ते आता अधिक २६१.९ झाले. त्याचे ९५ टक्के विश्वास अंतर साधारण २०७ ते ३१७ आहे. आधीच्या मॉडेलचे उणे १०० ते उणे ७५ होते. एकाच गोष्टीची दोन अंतरे, आणि ती एकमेकांच्या जवळपासही नाहीत, जरी दोन्ही मॉडेल्स ५८ ते ७२ मध्ये तीन-साडेतीन पौंडांच्या आत एकच गोष्ट सांगतात. शून्याजवळचा आकडा डेटा ठरवत नसून निवडलेला आकार ठरवतो, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधूनही मिळणार नाही.

उंचीचा गुणक तर उणे झाला आहे. 'उंची वाढली की वजन ७.३५ पौंडांनी घटते' असे वाक्य अहवालात उतरायला वेळ लागत नाही, आणि त्याच्या शेजारीही तीन तारे असतात. चुकते इथे: वर्गपद असताना रेषेला एकच चढ नसतो, तो जागोजाग बदलतो, आणि `height` समोरचा आकडा म्हणजे नेमका उंची शून्य असतानाचा चढ. हा वक्र ४४ इंचांच्या आसपास तळ गाठतो आणि त्याच्या डावीकडे उलटा वर चढतो. उणे ७.३५ हा त्या डाव्या, कल्पित बाजूचा चढ आहे. साध्या रेषेत शून्याची गैरसोय फक्त इंटरसेप्टपुरती होती. वर्गपद आले की तीच चढालाही लागते, आणि दोन प्रेडिक्टरांचा गुणाकार मॉडेलमध्ये घातला तरी हेच होते.

आता सेंटर करून:

```r
q2 <- lm(weight ~ I(height - 65) + I((height - 65)^2), data = women)
```

इंटरसेप्ट १३५.१८, स्टँडर्ड एरर ०.१५. चढ ३.४५, स्टँडर्ड एरर ०.०२३. वर्गपद ०.०८३०६, स्टँडर्ड एरर ०.००५९८, म्हणजे आधीसारखेच. ६५ इंचांच्या ओळीत वजन १३५ आहे आणि इंटरसेप्ट १३५.१८ म्हणतो. सारणीत ६४ वरून ६५ ला जाताना तीन पौंड वाढतात आणि ६५ वरून ६६ ला जाताना चार; ३.४५ नेमका त्यांच्या मध्ये बसतो. दोन्ही आकडे आता सारणीवर बोट ठेवून तपासता येतात. वर्गपदाचा अर्थ असा, की मध्यापासून दूर जाताना प्रत्येक इंचाला चढ ०.१६६ ने बदलतो, म्हणजे ०.०८३ च्या दुपटीने. त्यावरून ५८ इंचांना चढ २.३ आणि ७२ इंचांना ४.६ येतो, आणि सारणीतल्या सुरुवातीच्या दोन-तीन व शेवटच्या पाच पौंडांशी तो जुळतो.

चढ साध्या रेषेतल्या ३.४५ शी तंतोतंत जुळला हा मात्र या सारणीचा विशेष आहे. उंच्या ६५ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पसरल्या आहेत, म्हणून सेंटर केलेली उंची आणि तिचा वर्ग यांच्यात सहसंबंध शून्य होतो. डेटा एका बाजूला झुकलेला असेल तर दोन्ही चढ थोडे वेगळे येतील, आणि त्यात काही चुकले असे नाही.

सेंटर न केलेल्या उंचीचा आणि तिच्या वर्गाचा सहसंबंध ०.९९९६ आहे, त्यामुळे व्हीआयएफ, म्हणजे प्रेडिक्टर एकमेकांशी बांधलेले असल्याने गुणकाची अनिश्चितता किती पटीने फुगली हे सांगणारा आकडा, ११४८ च्या घरात जातो. तो आकडा पाहून वर्गपद काढून टाकणारे लोक आहेत. सेंटर केल्यावर तोच व्हीआयएफ १ होतो. पण दोन्ही मॉडेल्सचा वक्र एकच आहे, अंदाज एकच, आणि वक्रता खरी आहे का हे सांगणारा वर्गपदाचा गुणक व त्याची चाचणी दोन्हीकडे एकसारखी आहे. म्हणजे समरेषतेचा, प्रेडिक्टर एकमेकांशी बांधलेले असण्याचा, हा आजार डेटात नव्हताच, शून्य चुकीच्या जागी ठेवल्यामुळे तो दिसत होता. उंची आणि पायाची लांबी असे दोन वेगळे, पण एकमेकांशी जखडलेले प्रेडिक्टर असतील, तर मात्र सेंटरिंगने त्यांच्यातली समरेषता कणभरही कमी होत नाही.

गुणक छापताना पूर्णांकन केले की आणखी एक फरक उघड होतो. सेंटर न केलेल्या मॉडेलचे गुणक दोन दशांशांपर्यंत आणले, २६१.८८, उणे ७.३५ आणि ०.०८, आणि त्यांवरून ६५ इंचांचे वजन काढले, तर १२२.१ पौंड येते. तेरा पौंडांची चूक, कारण ०.०८३०६ मधला कापलेला ०.००३०६ हा ६५ च्या वर्गाने, ४२२५ ने, गुणला जातो. सेंटर केलेल्या मॉडेलमध्ये वर्ग जास्तीत जास्त ४९ असतो. तिथे तेच पूर्णांकन करून ७२ इंचांचे वजन १६३.२५ येते, पूर्ण गुणकांनी १६३.४. हाताने किंवा एक्सेलमध्ये सूत्र उतरवून घेणाऱ्यासाठी एवढे कारणही सेंटर करायला पुरेसे आहे.

कोणता आकडा वजा करायचा

सरासरी वजा करावी हा केवळ प्रघात आहे. इथे ६५ चांगला पडला, कारण तो पूर्ण इंच आहे, सारणीत त्याची ओळ आहे आणि तो सरासरीही आहे. सरासरी ६४.८७ अशी आली असती तरी ६५ च वजा करावे, वाचणाऱ्याला ६४.८७ इंचांची बाई डोळ्यांपुढे आणता येत नाही. वाचक 'पाच फूट' या मापाने विचार करणारे असतील तर ६० वजा करावे. वक्र मॉडेलचा इंटरसेप्ट मग १२० येतो (सारणीतही १२० च आहे) आणि चढ २.६, कारण पाच फुटांजवळ वाढ सावकाश आहे. अट एकच: निवडलेला आकडा डेटाच्या आत हवा, आणि शक्यतो गर्दीच्या जागी. वर्ष हा प्रेडिक्टर असतानाही हेच करावे. इसवी सन शून्यापासून मोजण्याऐवजी पहिल्या नोंदीचे वर्ष वजा केले की इंटरसेप्ट म्हणजे सुरुवातीची स्थिती होते.

सरासरी वापरली तर ती कशाची सरासरी आहे हे नीट बोलावे. या सारणीत प्रत्येक उंचीला एकच ओळ आहे, ४ फूट १० इंचांनाही एक आणि ५ फूट ४ इंचांनाही एक. स्त्रिया अशा समप्रमाणात विभागलेल्या नसतात. त्यामुळे ६५ ही सारणीतल्या उंच्यांची सरासरी आहे, अमेरिकन स्त्रियांच्या उंचीची नव्हे. आणि इंटरसेप्टला 'सरासरी अमेरिकन स्त्रीचे वजन' म्हणणे चूक ठरेल. '६५ इंच उंचीच्या स्त्रियांचे अपेक्षित सरासरी वजन' एवढेच म्हणता येते. आर-स्क्वेअर ०.९९ असण्याचे कारणही इथेच आहे. एकाच उंचीच्या दोन स्त्रियांच्या वजनातला फरक सरासरीत आधीच विरघळून गेला आहे, म्हणून हे अरुंद स्टँडर्ड एरर कोणा एका स्त्रीच्या वजनाबद्दल काही सांगत नाहीत.

दोन चुका कामाच्या ओघात नेहमी होतात. पहिली: मॉडेल ६५ वर सेंटर केलेले असते आणि नव्या डेटाला लावताना त्या नव्या डेटाचीच सरासरी वजा केली जाते. समजा नव्या गटाची सरासरी ६८.५ आहे. मग ६८.५ इंचांची स्त्री मॉडेलला ६५ इंचांची वाटते, आणि साध्या रेषेने तिच्या वजनाचा अंदाज बारा पौंडांनी कमी येतो. प्रणाली यावर कसलाही इशारा देत नाही. खूण अशी, की नव्या डेटाचे सगळे रेसिड्यूअल एकाच बाजूला सरकलेले दिसतात. `I(height - 65)` असे सूत्रातच लिहिले असेल तर ही चूक होऊच शकत नाही, कारण `predict()` स्वतः ६५ वजा करते.

दुसरी चूक `scale()` ची. हे फंक्शन सांगितले नाही तर सरासरी वजा करून प्रमाण विचलनानेही भागते. उंचीचे प्रमाण विचलन ४.४७ इंच आहे, म्हणून चढ ३.४५ ऐवजी १५.४ दिसतो. तो चुकीचा नाही, पण तो 'एका प्रमाण विचलनाला' आहे, 'एका इंचाला' नाही. नुसते सेंटर करायचे असेल तर `scale(height, scale = FALSE)` लिहावे लागते.

या सारणीचा निकाल एका परिच्छेदात लिहायचा झाला तर तो असा असावा: '६५ इंच उंचीला अपेक्षित सरासरी वजन १३५.२ पौंड आहे. त्या उंचीजवळ दर इंचाला ३.४५ पौंडांची वाढ दिसते. ही वाढ ५८ इंचांजवळ २.३ आणि ७२ इंचांजवळ ४.६ पौंड आहे. निष्कर्ष ५८ ते ७२ इंचांपुरते आहेत.' शेवटचे वाक्य गाळू नये. सेंटर केल्यामुळे मॉडेल डेटाबाहेर जास्त विश्वासार्ह होत नाही. ५० इंचांचा अंदाज विचारला तर सरळ रेषा ८५ पौंड सांगते आणि वक्र १०२, आणि त्यांतले कोणते बरोबर हे ठरवायला या सारणीत ओळ नाही.